मेघदूत, मार्गे उज्जैन

आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर काहीही आलं की ते आधी त्याचा मार्ग काढतात आणि मग थांबे ठरवतात. आमच्या मंडळाने आषाढाच्या पहिल्या दिवशी ‘मेघदूत’चं अभिवाचन करायचं ठरवलं, तेव्हा बाकीचे ‘विरह, विरह’ म्हणत सुस्कारे टाकत होते. आप्पा मात्र हॉलच्या फरशीवर खडूने रेघ ओढत होते. खालच्या टोकाला रामगिरी (म्हणजे आपलं रामटेक, असं पुष्कळांचं मत आणि आप्पांचा हट्ट), मग आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल, कैलास आणि वरच्या टोकाला अलका.

“हा पूर्वमेघ. गाडी इथवर. उत्तरमेघात फक्त पत्ता शोधायचा आणि निरोप द्यायचा.”

दीर्घ काव्य रंगमंचावर आणणारी माणसं साधारण दोन जातींची असतात. एकांना कवितेचं एक अक्षरही कापवत नाही. ते तंबोरा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. दुसऱ्यांना कविता वाचवतच नाही. ते यक्षाला मुकुट घालतात आणि ढग पांढऱ्या मलमलीत गुंडाळतात. आप्पा तिसऱ्या जातीचे. ते कवितेचं वेळापत्रक करतात.

पाठभेद धरून श्लोक ११० ते १२० च्या आसपास. मंदाक्रांतेच्या ओळीत अक्षरं १७, म्हणजे श्लोकात ६८. आप्पांनी घड्याळ लावून मोजलं. नीट म्हटलेला श्लोक पंचवीस सेकंद घेतो आणि तो ऐकणाऱ्याच्या पोटात जायला वर पाच सेकंद लागतात. म्हणजे सगळं वाचलं तर नुसत्या श्लोकांचा तास. वृत्त एकच, त्यामुळे अर्ध्या तासानंतर कानाला फक्त झोका उरतो आणि अर्थ मागे राहतो. आप्पांनी साठ श्लोक ठेवले, मध्ये चार-चार वाक्यांचा गद्य दुवा टाकला आणि पन्नास मिनिटांवर लाल रेघ मारली.

कोणते साठ, यावर भांडण अपेक्षितच होतं. आमच्यात संस्कृतच्या निवृत्त बाई आहेत. त्यांना हिमालय हवा होता. आप्पा म्हणाले, “बाई, ढग निघालाय उत्तरेला. उज्जयिनी वाटेवर नाही. वाट वाकडी होईल, असं यक्ष स्वतः कबूल करतो आणि तरी म्हणतो, तिकडून जा. सरळ मार्ग सोडून कवी वळसा घ्यायला लावतो, तिथे त्याचा जीव असतो. तिथे कात्री चालायची नाही.” उज्जयिनीचे श्लोक बहुतेक सगळे राहिले. हिमालयाला विनंती थांबा मिळाला.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे समूह. ‘मेघदूत’ म्हणजे एका माणसाचं लांबलचक बोलणं, तेही उत्तर न देणाऱ्या ढगाशी. मग यक्ष सोडून उरलेल्या आठ जणांनी करायचं काय? कॉलेजातल्या एका पोराने सुचवलं, समूह म्हणजे ढग, आणि त्याने अधूनमधून ‘हो, जाईन’ म्हणावं. आप्पांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. यक्ष तिथे ढगाला सांगतो की तू गप्प आहेस याचा अर्थ मी नकार धरत नाही. चातकाने मागितलं की तू न गरजताच पाणी देतोस. “ढगाने आधीच तोंड उघडलं, तर हा श्लोक मेला.” तेव्हा नियम झाला: समूह ढगाचं अंग होईल, वाटेत दिसणारं सगळं होईल, पण यक्षाशी बोलणार नाही.

आठ जणांनी एकदम म्हणणं ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या तालमीत ओळीच्या शेवटी आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेतला आणि हॉलभर दमेकरी पसरले. वृत्ताची यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर. आप्पांनी अर्ध्यांना चौथ्यावर श्वास दिला, अर्ध्यांना दहाव्यावर, आणि प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलने खूण केली. मग निघाला सकार. आठ तोंडांतून ‘स’ मागेपुढे आला की फोडणी पडल्यासारखा आवाज होतो. म्हणून शब्दाच्या टोकाचा ‘स’ किंवा ‘श’ एकट्या बाईंनी म्हणायचा, बाकीच्यांनी तो गिळायचा. बाईंनी ही जबाबदारी इतकी मनावर घेतली की चहाच्या वेळीही त्या आमचे ‘बस’ पुरे करू लागल्या.

हालचालीचा नियमही वृत्तातूनच आला. ओळीची पहिली चार अक्षरं गुरू, जड. त्यावर चार पावलं. पुढची पाच लघू, भरभर. तिथे हलायचं नाही, कारण पाय त्यांच्यामागे धावले की जीभ अडखळते. शेवटच्या सातांत फक्त मान किंवा खांदा वळवायचा. समूह एवढंच करतो, आणि तरी पुढे सरकणारं काहीतरी दिसतं. ओळ कागदावर शोधत चालणारा माणूस शंभर टक्के धडकतो, म्हणून चालीच्या ओळी पाठ आणि उभ्याच्या ओळी वाचून. कागद काळ्या फायलीत, एका बाजूला छापलेले. प्लॅस्टिकची पाकिटं नाहीत, ती दिव्यात चकाकतात आणि उलटताना कुरकुरतात. पान श्लोकाच्या मध्ये कधीच उलटायचं नाही.

हे सगळं जुळलं ते उज्जयिनीत. संध्याकाळी महाकालाच्या पूजेत ढगाने गरजून नगाऱ्याचं काम करावं, असं यक्ष सांगतो. तिथे आठ जणांनी टाचा आपटल्या. लगेच पुढे रात्र. सुई टोचेल एवढ्या दाट अंधारात बायका प्रियकराकडे निघाल्यात. त्यांना विजेने वाट दाखव, पण गरजू नकोस, त्या घाबरतील, असं यक्ष बजावतो. टाचांची चटक लागलेल्या पोराने इथेही गडगडाट केला. आप्पांनी त्याला बाहेर चहा सांगायला पाठवलं आणि दिवे मालवले. तिघी जणी फायली मिटून चालू लागल्या. बाकीच्यांनी आपापली काळी फाईल क्षणभर उघडली आणि मिटली. पांढरं पान चमकून गेलं, तेवढीच वीज. चहा सांगून आलेला पोरगा दारात उभा राहून म्हणाला, “आप्पा, हे भारी आहे.” आप्पा म्हणाले, “साखर कमी सांगितलीस ना?”

उत्तरमेघात त्यांनी एकेकाला गाडीतून उतरवलं. अलकानगरी आठ आवाजांत, यक्षाचं घर चारांत, खिडकीतली ती दोघांत, आणि निरोप एकट्या यक्षाचा. आम्ही फायली मिटून उभे. रंगीत तालमीला बाईंनी एका जुन्या प्रतीतले शेवटचे श्लोक काढले. त्यांत कुबेराला निरोपाची वार्ता कळते, त्याचा राग जातो आणि नवरा-बायकोची भेट होते. “हे घेऊ या ना आप्पा. प्रेक्षक पावसात घरी जाणार, जरा बरं वाटेल.”

“ते नंतर कुणीतरी घातलेले, बाई. जादा गाडी.”

“अहो, पण बिचारी वाट बघत बसली असेल!”

आप्पांनी लाल रेघेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “शापाचे चार महिने उरलेत, असं यक्षच सांगतोय. वेळापत्रकात आहे ते. आधी कशी सोडणार?”

प्रयोग बावन्न मिनिटांत संपला. मंडळी आप्पांना भेटायला आत आली, तेव्हा ते कोपऱ्यात ‘रघुवंश’ची अनुक्रमणिका घेऊन बसले होते. “एकोणीस सर्ग,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “एका फेरीत होणार नाही.”