वाढत्या अंगाचा हूक

लहान मुलांचे कपडे घ्यायचे ते वाढत्या अंगाचे, हा आमच्या घरचा कायदा. पहिलीत घेतलेला माझा शर्ट चौथीपर्यंत चालला. पहिलीत तो गुडघ्याला लागायचा, चौथीत बेंबीच्या वर गेला, आणि मधे दुसरीत साधारण दोन महिने तो मला बरोबर बसला. अशा संस्कारांत वाढलेला माणूस लेकीच्या खोलीत हूक लावायला निघाला तर तो ते कुठं लावणार? लेक तीन वर्षांची, उंची 94 सेंटिमीटर. मी पट्टीवरचे हूक लावले 120 सेंटिमीटरवर. एकदा लावले की दहावीपर्यंत पाहायला नको!

लेकीनं कायदा पाळला. रोज हुकाच्या बरोबर खाली येऊन, वर एकदा आदरानं पाहून, ती फ्रॉक जमिनीवर ठेवायची. पाचव्या दिवशी तिनं स्टूल आणला, हूक धरला आणि झोका घेतला. हूक पट्टीसकट आला, त्याच्यामागं गिट्टी आली, आणि गिट्टीमागं भाकरीएवढा प्लास्टरचा पापुद्रा आला. लेक हसत होती, म्हणजे लागलं नव्हतं. बायको हसत नव्हती.

“अमरावती ते अकोला 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं लोकांनी, 2022 मधे. गिनीज बुकात नाव गेलं. तुम्हाला तीन हूक लावायला पंधरा दिवस लागले, आणि ते पाच दिवसांत पडले.” बायको अकोल्याची. त्या रस्त्यावर कुठलाही विषय आणता येतो, आणि तो नेहमी अकोल्याकडेच जातो. दुसऱ्या दिवशी माझ्या साळ्यानं अकोल्याहून एक म्हातारे मिस्त्री पाठवले.

मिस्त्रींनी आधी चहा घेतला, मग भिंतीतलं भोक पाहिलं. “स्क्रू केवढा होता जी?”

“हुकाच्या पाकिटात होता तोच. एक इंची.”

“पट्टी अठरा मिलिमीटर, स्क्रू पंचवीसचा. भिंतीत गेला सात. प्लास्टरच बारा-पंधरा मिलिमीटरचं राह्यते. तुमचा स्क्रू विटेले भेटलाच नाही.” त्यांनी ड्रिल लावलं. आधी करडी भुकटी पडली, मग एकाएकी लाल. “लाल दिसलं म्हंजे वीट लागली. तिथून पुढं काय ते खरं.” आता स्क्रू दोन इंची आणि गिट्टी आठची. पोरगी लोंबकळणारच हे धरून चालायचं, असं त्यांचं मत. हूक कपड्यांसाठी असतो हे फक्त मोठ्यांना माहीत असतं.

पण त्यांची खरी तक्रार उंचीबद्दल होती. त्यांनी लेकीला भिंतीला टेकून उभं केलं, पेन्सिलनं खांद्याशी खूण केली, आणि माझ्या जुन्या भोकावर बोट ठेवलं. “पोट्टी आठ-नऊ वर्साची झाली का तिचा डोया बरोबर इथं येते. लोखंडाचं टोक, आन् समोरून पयत येनारं पोट्टं.”

मी हिशोब केला. आठ-नऊ वर्षांचं मूल साधारण 130 सेंटिमीटर, डोळे माथ्याच्या दहा सेंटिमीटर खाली. म्हणजे 120. मी काटेकोरपणे, टेप लावून, नेम धरला होता! शर्ट मोठा घेतला तर मूल त्यात वाढतं. हूक उंच लावला तर मूल त्याच्यावर जाऊन आदळतं. खाली लावलेला हूक मात्र मागं पडत जातो. आज खांद्याशी, मग कमरेशी, आणि डोळ्याशी त्याची गाठच पडत नाही.

मिस्त्रींनी पट्टी 70 सेंटिमीटरवर बसवली आणि तिच्या वर, 82 वर आणि 95 वर, गिट्ट्यांच्या आणखी दोन जोड्या ठोकून ठेवल्या. पट्टीची भोकं तीच, स्क्रू तेच. खांदा वर गेला की पट्टी वर न्यायची, पण खांद्याच्या वर कधीच नाही. पाहुण्यांकडचं रांगतं-धावतं बाळ आलं तर त्याचा डोळा 70 ला येतोच, म्हणून पट्टी येण्याजाण्याच्या वाटेवर नको. ती कपाटाच्या कडेच्या कोनाड्यात गेली. आणि लोखंडी हूक त्यांनी माझ्या हातात परत दिले. पिशवीतून परतवाड्याच्या सागवानाच्या खुंट्या काढल्या, अंगठ्याएवढ्या जाड, डोकं लिंबासारखं गोल, किंचित वर तोंड केलेल्या. आजोबांच्या वाड्यात अशाच होत्या. मी त्या ‘जुनाट’ म्हणून काढून टाकल्या होत्या, हे सांगायची ती वेळ नव्हती.

मुलांच्या मापाचं सामान मुलांना द्यावं, ही गोष्ट माँटेसोरीबाईंनी रोममधे 1907 साली शाळा काढून दाखवली. आपल्याकडं ती रुजवणाऱ्या ताराबाई मोडक तर लग्नानंतर काही वर्षं आमच्या अमरावतीतच होत्या. तरी मला ती अकोल्याहून मागवावी लागली. बायकोनं हे दोनदा बोलून दाखवलं.

मग मिस्त्री कपाटाच्या खणांकडं वळले. मी हौसेनं दोन्ही टोकं बाहेर आलेली चकचकीत हँडलं लावली होती. त्यांनी बायकोची ओढणी मागितली आणि हँडलवरून ओढली. ओढणी टोकाला अडकली. “ओढनी अडकली तिथं पोरीची बाही अडकते. बाही नाही तर कपाळ.” त्यांनी दोन्ही टोकं लाकडात वळलेली गोल डी हँडलं लावली. दोन भोकांतलं अंतर 96 मिलिमीटर, मुद्दाम. या मापाची हँडलं हमखास मिळतात. लेकीला पुढं बदकं नकोशी झाली तर नवीन भोक न पाडता हँडल तेवढं बदलायचं. होय, या हँडलांवर बदकं होती. ती निवड लेकीची.

शेवटी दार. वऱ्हाडात मे महिन्यात दार माणूस लावत नाही, कूलर लावतो. कूलर हवा आत ढकलतो, ती दारातून बाहेर पळते आणि जाताना दार धाडकन ओढून घेते. मी त्यावर उपाय म्हणून भिंतीला रबरी स्टॉपर लावला होता. मिस्त्री म्हणाले, “हे भिंतीले वाचवते. बोटाले कोन वाचवते?”

बोटं दाराच्या मोकळ्या कडेला चेंगरतात असं मला वाटायचं. जास्त वाईट ती बिजागरीकडं चेंगरतात. दार 80 सेंटिमीटर रुंद, बोट बिजागरीपासून दोन सेंटिमीटरवर. मोकळ्या कडेला जेवढा जोर लावला त्याच्या चाळीसपट तिथं येतो. मिस्त्रींनी त्या फटीवर, जमिनीपासून सव्वा मीटरपर्यंत, रेक्झिनची ढिली पट्टी मारली. मोकळ्या कडेला दीड मीटरवर, लेकीच्या हाताला लागणार नाही असा, फोमचा सी अडकवला, म्हणजे वाऱ्यानं दार पूर्ण मिटतच नाही. रेक्झिन काही वर्षांनी निघेल; फोम राहील, कारण दुपारी माझ्या आईची झोप मोडली की घराचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. माझ्या स्टॉपरचं रबरी टोपण मात्र मिस्त्रींनी चिमटीनं उपटून दाखवलं. “हे तोंडात जाते.” त्याच्या जागी एकसंध रबराचा आला.

आता फ्रॉक खुंटीवर असतो. आईची जपमाळही तिथंच असते; आई ती वाकून घेते आणि मला बोल लावते. वरच्या गिट्ट्यांवर बायकोनं टिकल्या चिकटवल्यात. लेक रोज सकाळी भिंतीशी उभी राहून, टिकली खांद्याला लागली का, ते पाहते. काल ओरडली, लागली! जाऊन पाहतो तर बाई टाचा उंचावून उभ्या. मिस्त्रींना फोन केला.

“टाचा मोजत नसते जी,” ते म्हणाले.