जास्वंदीचं उत्तरायण

फ्लॅट घेताना आमच्या घरात दिशांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी हप्त्यांवरही झाली नाही. देवघर ईशान्येला, शेगडी आग्नेयेला, तिजोरी (मिळालीच कधी तर) दक्षिणेच्या भिंतीला. कुंड्या कुठे, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

आम्ही पुण्यात राहायला आलो ते डिसेंबरात. रद्दीत मिळालेल्या एका विलायती बागपुस्तकात ठणकावून सांगितलं होतं, की भरपूर ऊन हवं तर खिडकी दक्षिणेचीच. हॉलची खिडकी दक्षिणेची होती! मी लगेच तिथे जास्वंद ठेवली. दुपारी बारा वाजता ऊन थेट चार फूट आत येऊन सोफ्यावर बसायचं. जास्वंद रोज एक फूल द्यायची आणि मी रोज शेजाऱ्यांना एक व्याख्यान.

मार्चमध्ये कळ्या गळू लागल्या. एप्रिलात फांद्या लांबल्या, पानं एकमेकांशी भांडल्यासारखी दूर दूर फुटू लागली आणि सगळं झाड काचेकडे मान वाकवून उभं राहिलं. शेजारच्या काकूंनी नजर लागल्याचं निदान केलं, सासूबाईंनी चहाचा चोथा घातला. बाहेर उन्हाचा वणवा, म्हणून मी पाणी दुप्पट केलं. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली आणि मातीला शेवाळाचा वास येऊ लागला.

शेवटी नर्सरीवाल्या मामांकडे गेलो.

"झाडावर ऊन किती वाजता येतं?"

"दक्षिणेची खिडकी आहे."

"दिशा नाही विचारली साहेब, वेळ विचारली."

रविवारी मी वही घेऊन खिडकीपाशी बसलो. सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला एक नोंद. अकराच्या अकरा तास वहीत एकच शब्द: 'सावली'. बायको म्हणाली, "यासाठी सुट्टी घालवलीस?"

कोडं मग सुटलं. लंडनमध्ये सूर्य डिसेंबरच्या दुपारी जेमतेम 15 अंश वर येतो आणि जूनमध्येही 62 अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे बाराही महिने दक्षिणेलाच. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी तो 48 अंशांवर असतो, त्यामुळे दोन फुटी छज्ज्याखालून वाकून घरात शिरतो. पण डिसेंबरच्या अखेरीस तो उत्तरेकडे निघाला की वर वर चढत जातो. मार्चपासून छज्जाच त्याला अडवतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो डोक्याच्याही उत्तरेला गेलेला असतो. त्या दिवसांत आमच्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ उन्हाची तिरपी तिरीप येते, दक्षिणेची मात्र उपाशी. माझी जास्वंद एप्रिलच्या उन्हाने नव्हे, सावलीने मरत होती. आणि सावलीतल्या झाडाला पाणी कमी लागतं, हे मी तिला बुडवून सिद्ध केलं होतं.

मी ताबडतोब तिला पश्चिमेच्या खिडकीत हलवलं. ही दुसरी चूक. महिनाभर सावलीत वाढलेली कोवळी पानं दुपारच्या उन्हात दोन दिवसांत पांढरी, कागदासारखी झाली. मामांनी कपाळाला हात लावला. "पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवायचा. माणसाला तरी एकदम उन्हात उभं करतो का आपण?" आठवड्याभराने ती सावरली, जूनमध्ये पुन्हा फुलली.

पूर्वेच्या खिडकीत तुळस ठेवली. सकाळचं कोवळं ऊन तिला मानवेल अशी खात्री होती. पण समोरच्या इमारतीने सूर्याला साडेनऊपर्यंत दाबून धरलं आणि तुळस आठ दिवसांत रुसली. कागदावरची पूर्व आणि खिडकीतली पूर्व यात एक आठ मजली फरक होता. तुळस बाल्कनीत गेली. पूर्वेच्या खिडकीतल्या जेमतेम दोन तासांच्या उन्हावर आता फर्न खूश आहे. उत्तरेच्या खिडकीत मनी प्लँट आणि स्नेक प्लँट, कुणाचीच तक्रार नाही.

दिशेचा कौल मी आता मोबाइलच्या होकायंत्राकडून घेत नाही. लोखंडी ग्रिलजवळ गेलं की ते भलतीकडे तोंड फिरवतं. दुपारी कागद कुंडीच्या जागी ठेवायचा, त्यावर फूटभर उंच हात धरायचा. सावली ठसठशीत, बोटं मोजता आली तर फुलझाड. धूसर असेल तर फर्न. सावलीच दिसली नाही तर तिथे प्लास्टिकची फुलं.

जास्वंदीची आता वर्षातून दोनदा बदली होते. दसऱ्याच्या पुढे-मागे दक्षिणेला, शिमग्याच्या सुमारास पश्चिमेला. विलायती पुस्तक परत रद्दीत गेलं. दक्षिणायन कधी आणि उत्तरायण कधी, हे सांगणारं पंचांग खिळ्याला टांगलेलंच होतं. फक्त मी त्यात आजवर मुहूर्त आणि सुट्ट्याच बघत आलो होतो.