ओटीपी पोहोचला

टॉवेल खरेदीसाठी सोलापुरात आलेल्या इटालियन पाहुण्याने हॉटेलच्या संगणकावरून टॅक्सी कंपनीला इटालियनमध्येच विचारणा पाठवली: स्टेशन ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, सकाळी 10 वाजता, एमएच 13ची पांढरी गाडी, मागच्या सीटवर काळा फोन राहिला आहे, कृपया चालकाला विचारा.

कंपनीने भाषाभेद न करता तत्काळ उत्तर दिले: तक्रार नोंदवण्यासाठी आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी कळवा.

ओटीपी वेळेत पोहोचलाही, मागच्या सीटवर. सुरक्षा इतकी चोख, की तक्रारीचा अधिकार आता ज्याला फोन सापडला, त्यालाच उरला. त्याने तो जबाबदारीने बजावला, तक्रार 'निकाली' काढली आणि सेवेला पाच तारे दिले.