साठ की आठ?

कानाचं मशीन लावलेल्या माणसाला जग दोन आवाजांत ऐकू येतं: एक लोकांचा आणि दुसरा मशीनचा स्वतःचा. मशीनचा आवाज घरातल्या दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नाही. त्यामुळे सेल उतरत आला की आमचे बापूमामा उठून दार उघडायला जातात. कानात ‘टिंग-टिंग’ वाजलेलं असतं आणि दारात चिटपाखरू नसतं. मामी आतून ओरडतात, “अहो, बेल वाजलीच नाही!” मामा म्हणतात, “मला ऐकू आली.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही कानांनी कमी ऐकणाऱ्या माणसाने दुसऱ्याला ‘तुला ऐकू येत नाही’ असं सुचवावं, यात त्यांना किती समाधान मिळत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मामांच्या मशीनबरोबर फोनमध्ये एक ॲप आलं. कानामागचं यंत्र दाण्याएवढं, त्यावरचं बटण त्याहून बारीक, तेव्हा आवाज कमीजास्त करायला फोनचा पडदा बरा, हा विचार चांगलाच आहे. अडचण एवढीच की हे ॲप मामांकडे जर्मन भाषेत उघडतं. फोन मात्र शुद्ध मराठीत आहे. त्यात ‘संपर्क’ आहेत, ‘सूचना’ आहेत, गजराला ‘गजर’च म्हटलेलं आहे. मधेच हे ॲप उघडावं आणि आवाजाच्या पट्टीवर Lautstärke लिहिलेलं दिसावं.

हा चमत्कार कसा झाला, ते शोधायला मला बोलावलं होतं. फोन मामांच्या मुलीचा जुना, स्टुटगार्टहून आलेला. तिने पाठवताना भाषेच्या यादीत मराठी सर्वांत वर ठेवली, पण खाली जर्मन तशीच राहू दिली. अँड्रॉइडमध्ये ही यादी म्हणजे पसंतीचा क्रम असतो. ॲप बनवणाऱ्यांनी मराठी दिलेलीच नाही, म्हणून फोन यादीत एक पायरी खाली उतरला. तिथे जर्मन होती आणि ॲपला ती येत होती. उपाय सोपा आहे: सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे भाषा, आणि जर्मनच्या वर इंग्रजी किंवा हिंदी ओढून ठेवायची. अँड्रॉइड 13 पासून काही ॲपची भाषा फोनपेक्षा वेगळीही ठेवता येते. यादीत इंग्रजी वर आणायला मी बोट पुढे केलं, तर मामांनी फोन काढून घेतला. “राहू दे. मला आता सगळं पाठ झालंय.”

पाठ कसं झालं? रंगावरून. कानाच्या मशीनच्या धंद्यात जगभर एक संकेत आहे: लाल म्हणजे उजवा कान, निळा म्हणजे डावा. मशीनवर बारीक ठिपका असतो तोही याच रंगाचा, आणि बहुतेक ॲपमध्ये दोन पट्ट्या वेगळ्या केल्या की त्यांनाही हेच रंग येतात. मामांना एवढं पुरलं. फक्त सेलच्या पाकिटाने एकदा घोळ घातला. सेलच्या स्टिकरचेही रंग ठरलेले आहेत, पण ते मापाचे असतात: 10 नंबरला पिवळा, 312 ला तपकिरी, 13 ला नारिंगी, 675 ला निळा. निळ्या स्टिकरचे सेल डाव्या कानाचे, असा मामांचा तर्क होता. तर्क बिनचूक होता आणि सेल मशीनच्या दुप्पट होता.

आता आवाजाच्या पट्टीचं. ती वर सरकवली की सगळं स्पष्ट होईल, असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं. मामांना भाजीवाली ‘साठ रुपये’ म्हणते आणि मामा आठ रुपये काढून देतात. लबाडी नाही त्यात. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा आधी जातात ते उंच सुरातले आवाज. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं तिथलीच, आणि बोलताना ती तशीही क्षीण असतात. ‘आ’ मात्र भरदार आणि खालच्या सुरातला, म्हणून साठमधला ‘स’ गळतो आणि आठ उरतात. पट्टी वर नेली की ‘स’ थोडा वाढतो, पण ‘आ’ही वाढतो, मागच्या रिक्षाचा भोंगाही वाढतो, आणि एका मर्यादेनंतर मशीन स्वतःच शिट्टी मारू लागतं, कारण आतला आवाज कानाच्या फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, ही तक्रार रोजची असेल तर ती पट्टीने सुटत नाही. ऑडिओलॉजिस्ट संगणकाला मशीन जोडून नेमक्या त्या उंच सुरांत भर घालतात तेव्हा सुटते. ॲपमधली पट्टी किती वर जाईल ती हद्दही तिथेच ठरते. शिवाय मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे सेलचं दार उघडून परत लावलं की, ते सहसा मूळ आवाजावर आणि पहिल्या प्रोग्रामवर येतं. मामा रात्री लावलेला आवाज सकाळी सापडत नाही म्हणून ॲपवर चिडत. ॲप विसरलेलं नसतं. रोज ठरलेल्या जागेवरून सुरुवात करायची, अशी मशीनचीच रचना आहे.

पट्टीपेक्षा कामाची गोष्ट आहे प्रोग्राम. मागच्या वैशाखात एका लग्नात हे मला नीट दिसलं. मंगल कार्यालय, पंगत बसलेली, स्पीकरवर सनई, पाचशे माणसं एकाच वेळी बोलत होती. मामांनी पट्टी वर नेली आणि चेहरा वाकडा केला. मग मी त्यांच्या फोनवर उपाहारगृहाचा प्रोग्राम लावला. काटा-चमच्याचं चित्र होतं, जर्मन वाचायची गरज पडली नाही. या प्रोग्राममध्ये माइक समोरचं जास्त घेतात आणि मागचं दाबतात. म्हणून नुसता प्रोग्राम बदलून भागत नाही, खुर्चीही फिरवावी लागते: स्पीकर पाठीमागे आणि बोलणारा समोर. मामांना तसं बसवलं, पट्टी दोन घरं खाली आणली आणि समोरचे व्याही काय म्हणतात ते त्यांना कळू लागलं. तोटा एवढाच झाला की मागून येणारा वाढपी ‘मठ्ठा?’ म्हणून पुढे निघून गेला. मामांना मठ्ठा मिळाला नाही आणि व्याह्यांचं सगळं बोलणं ऐकावं लागलं. यात फायदा कोणाचा झाला, ते मामांनी सांगितलं नाही.

सवाई गंधर्व महोत्सवात झालं ते याहून मजेचं. मामा दरवर्षी जातात. मशीन लावून पहिल्यांदा गेले आणि परत येऊन म्हणाले, “तंबोरे कोणी छेडतच नव्हतं, आणि बासरीवाला थरथरत होता.” दोन्ही दोष मशीनचे होते. नेहमीचा प्रोग्राम बोलणं पकडण्यासाठी बनवलेला असतो. जो आवाज सतत एकसारखा येतो, तो पंखा किंवा इंजिन समजून तो खाली दाबतो. तंबोऱ्याइतका सतत आणि एकसारखा आवाज दुसरा कुठला असणार! आणि बासरीचा लांबवलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते. ती दाबण्यासाठी तो धडपडतो आणि सूर कंप पावतो. संगीताच्या प्रोग्राममध्ये ही दोन्ही कामं सौम्य किंवा बंद केलेली असतात. मामांच्या ॲपमध्ये तो प्रोग्राम दिसतच नव्हता, कारण मशीन बसवताना तो त्यात घातलाच नव्हता. ॲपच्या पडद्यावर बहुधा तेच येतं जे ऑडिओलॉजिस्टने मशीनमध्ये ठेवलंय. ऑडिओलॉजिस्टच्या सेंटरला जाऊन ‘मी गाणं ऐकतो’ असं सांगितल्यावर तो मिळाला. मग त्यात आवाज आपल्याला हवा तसा लावून तो आवडीचा म्हणून जपून ठेवता आला, आणि ॲपने त्याला नाव विचारलं. मामांनी मराठी कीबोर्डवर टाइप केलं: तंबोरा. जर्मन पडद्यावर तो एक शब्द आता रुबाबात बसलेला असतो. त्याखाली ‘लग्न’ आहे. तिसरा ‘ही’ या नावाचा आहे. मामी स्वयंपाकघरातून बोलतात तेव्हाचा.

आता पुन्हा त्या दाराच्या घंटेकडे. सेल उतरल्याची खबर दोन वाटांनी येते. एक कानात, मशीनकडूनच, टिंगटिंग किंवा बोललेल्या शब्दांत. मामांना सुरुवातीला एक बाई इंग्रजीत सांगत असे. ती भाषा ॲपमधली नव्हे, फोनमधलीही नव्हे. ती मशीनमध्ये असते आणि सेंटरमध्येच बदलता येते किंवा नुसत्या स्वरांवर आणता येते. थोडक्यात, मामांचा फोन मराठी, ॲप जर्मन आणि कान इंग्रजी होता. दुसरी वाट फोनवरच्या सूचनेची, आणि ती कच्ची. अँड्रॉइड 13 पासून सूचना दाखवायची परवानगी आधी द्यावी लागते. शिवाय फोन स्वतःची बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप झोपवतो. तेव्हा या एका ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलेलं बरं. एवढं करूनही मामा जर्मनमधली सूचना जाहिरात समजून बोटाने उडवत असत.

आणि टक्के? चार्ज होणाऱ्या मशीनमध्ये टक्क्यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. मामांच्या 312 नंबरच्या झिंक-एअर सेलचं तसं नाही. स्टिकर काढल्यावर हवा आत जाते तेव्हा तो जागा होतो, म्हणून दोन-तीन मिनिटं उघडा ठेवून मग घालायचा. स्टिकर परत चिकटवून तो वाचत नाही. पुढे जवळजवळ सगळं आयुष्य त्याचा दाब सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे ॲपला शेवट जवळ आल्याशिवाय नीट कळतच नाही. खिशात सेलचं पाकीट असणं हाच त्यावरचा इलाज. आणि घंटा एकट्यालाच ऐकू आली, तर दाराकडे न जाता पाकिटाकडे जायचं.

परदेशातून आईवडिलांना जुना फोन पाठवणाऱ्यांना एक विनंती. पेटी बंद करण्याआधी भाषेच्या यादीतून तिकडची भाषा काढून टाका आणि तिथे घरच्यांना येणारी दुसरी भाषा घाला. सेल मात्र पाठवू नका, ते इथे मिळतात. घेताना माप कळायला जुनं पाकीट पाहा, नंबर आणि रंग त्यावर असतो.