पॅनेल बसलंय

राज्यसेवेची मुलाखत 275 गुणांची असते आणि ते सगळे गुण आपल्याच खिशात आहेत, असं आमच्या सासुरवाडीत प्रत्येकाला वाटतं. क्लासच्या मॉकला जाणार म्हटल्यावर ‘घरात एवढी माणसं रिकामी असताना बाहेर पैसे कशाला?’ म्हणत सासऱ्यांनी अध्यक्षपद घेतलं, उजवीकडे सासूबाई, डावीकडे शेजारचे काका आणि समोर स्टुलावर, टाय नातेवाइकांनी आवळलेला, असा मी.

अर्जात मूळ जिल्हा सोलापूर, म्हणजे ऊस येणारच. सासूबाईंनी विचारलं, “दुष्काळी भागात ऊस का लावतात हो?” मी सांगितलं, एफआरपीमुळे किमान दर ठरलेला असतो आणि कारखाना माल उचलतो, एवढी हमी ज्वारी-तुरीला नाही. छान गेलं. थोड्या वेळानं काकांनी विचारलं, “पाणी नसताना बारा-अठरा महिन्यांचं पीक शेतकरी घेतोच कशाला?” प्रश्न तोच होता, पण मला वाटलं, पुन्हा विचारतायत म्हणजे मघाचं उत्तर चुकलं असणार, म्हणून मी घाईघाईनं शेतकऱ्यांच्या अज्ञानावर घसरलो आणि बराच वेळ घसरतच राहिलो. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “मघाशी तर दराची हमी म्हणालात!”

मेव्हण्यानं मग बाजूला घेतलं. तो खरी मुलाखत देऊन आलाय. म्हणाला, “भावोजी, फिरवून विचारतात ते तुम्ही उत्तरावर टिकता का, ते बघायला. ‘मघाशी सांगितलंच की’ म्हणायचं नाही आणि उत्तरही बदलायचं नाही. हमीचा मुद्दा धरून ठेवा, त्याला नवी बाजू जोडा. ठिबकनं पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर बचत कुठं राहिली, असं.”

तेवढं पाठ करून परतलो तर पॅनेल आपापसातच भिडलेलं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले सासरे म्हणत होते, “ऊस बंद केला तर ऊसतोड कामगारांनी खायचं काय?” काका म्हणत होते, “आणि उन्हाळ्यात टँकर कुणाच्या दारात उभा राहतो?” मेव्हणा दारातून खुणावत होता, दोघांचं कुठं पटतं ते एकेका वाक्यात सांगा, मग स्वतःचं मत द्या. ऊस सरसकट बंद नको, पण जिथं पिण्याच्याच पाण्याची मारामार आहे तिथं नवीन लागवडीला आवर हवा, एवढं मला येत होतं. पण समोर मुलगी देणारा माणूस आणि शेजारी रोज पेपर वाचायला देणारा माणूस. मी इकडे वळून ‘अगदी बरोबर’ म्हणालो, तिकडे वळून ‘हेही बरोबर’ म्हणालो, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, टायची गाठ कानाखाली गेली, मान लचकली आणि पॅनेलचं पहिल्यांदाच एकमत झालं.

याला मत नाही.

गुण कुणीच दिले नाहीत. सासूबाईंनी मेथीची जुडी दिली, निवडायला.