पाणी वळलं!

आप्पांना कुणी लग्नाची पत्रिका दिली, की ते मुहूर्त वाचतात, तिथी पाहतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि म्हणतात, "बारा वाजून दहा? म्हणजे भरती नुकतीच उलटलेली. चालेल." नवरा कोण, नवरी कुणाची, हे नंतर. अलिबागेत असे आप्पा एकटेच नाहीत. कोकणपट्टीवर दर दोन-तीन गावांमागे एक तरी असा निवृत्त गृहस्थ सापडतोच, ज्याच्या घरात घड्याळ असतं ते केवळ बातम्या लावण्यापुरतं. बाकी दिवस समुद्रावर चालतो. बारसं असो, बँकेचं काम असो की डॉक्टरची वेळ, आधी पाणी कुठे आहे ते पाहायचं. आप्पा समुद्रापासून चांगले अर्धा किलोमीटर आत राहतात आणि कोषागारात नोकरी करून निवृत्त झालेत, त्यामुळे पाण्याचा आणि त्यांच्या दवाखान्याचा संबंध काय, हे काकूंना चाळीस वर्षं कळलेलं नाही.

त्यांची खरी परीक्षा पुण्याहून पाहुणे आले की होते. पौषातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही सहाजण त्यांच्या ओटीवर बसलो होतो. उद्या चालत कुलाबा किल्ल्यात जायचं होतं. हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. शिवाजी महाराजांच्या काळातला, पुढे आंग्र्यांचा. ओहोटीला वाळूतून चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला बोट. आमच्यातल्या एकाने कार्यक्रम मांडला: सकाळी आरामात उठू, मिसळ खाऊ, अकराला निघू. शिवाय त्याचा मेव्हणा गेल्याच रविवारी दुपारी दोनला घोडागाडीने जाऊन आला होता.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "गेल्या रविवारी. म्हणजे एकादशी. म्हणून या रविवारी त्या वेळी जाता येणार नाही."

आम्हाला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काहीतरी असेल. पण आप्पांनी हिशोब सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेनंतर आकडा पुन्हा एकपासून. एकादशीला अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सव्वाआठला भरती, तर सहा तासांनी, दोन-अडीचला ओहोटी. मेव्हणा बरोबर ओहोटीत गेला. उद्या वद्य तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. "म्हणजे दोनला तुमचा मेव्हणा जिथून गाडीत गेला, तिथून उद्या दोनला होडी जाईल. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात सहा तास झाले, सगळं उलटं. पंधरवड्याने पुन्हा सुलटं. त्याला म्हणावं, पुढच्या रविवारी पुन्हा जा."

"मग उद्या किती वाजता?"

"पूर्ण ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. आपण सातला पाण्यात."

सातला! पुण्याच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी भीत भीत विचारलं, जरा सोयीच्या वेळी, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी येईल असा एखादा दिवस नाही का? आप्पा खुलले. हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून ते वर्षानुवर्षं वाट पाहत असतात.

"आहे ना. अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. पण त्या दिवशी भांग असतो. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही." मग ते आत गेले आणि प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद केलेलं भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन आले. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ते छापतो. मुंबईचे आकडे त्यात साधारण असे की उधाणाच्या दिवसांत भरती चार-साडेचार मीटरला आणि ओहोटी पाऊण मीटरला. भांगाला भरती सव्वातीनच्या आसपास, ओहोटी जेमतेम दोन मीटरला. ही काही पाण्याची खोली नव्हे, एका ठरवलेल्या पातळीपासूनची उंची आहे, हे आप्पांनी दोनदा बजावलं. मुद्दा असा की भांगाच्या ओहोटीलाही पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर वरच राहतं. आणि आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आगेमागे येते, म्हणून त्या दिवसांची चांगली, खोलवर उतरणारी ओहोटी पडते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. दुपारी बाराची ओहोटी हटकून भांगाची. झोपही पूर्ण व्हावी आणि समुद्राचा तळही दिसावा, अशी सोय इथे केलेलीच नाही.

"मग तिथी असताना कोष्टक कशाला?" मी विचारलं.

"तिथी वेळ सांगते, तीही अर्ध्या तासाच्या फरकाने. पाणी किती उतरेल ते सांगत नाही. दिवसाच्या दोन ओहोट्यासुद्धा सारख्या नसतात. शिवाय मधेच एखादी तिथी क्षय झाली, की पाऊणपट करणारा पाण्यात." हे बोलताना त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे जरा तुच्छतेने पाहिलं.

सकाळी सातला, नुकतं उजाडत असताना, आप्पा किनाऱ्यावर हजर होते. पायात पट्ट्यांच्या जुन्या सँडल, गळ्यात शिट्टी, हातात वेताची काठी. आमच्या चपला त्यांनी गाडीत ठेवायला लावल्या आणि बूट घालायला लावले, कारण चपला चिखल ओढून घेतो आणि अनवाणी पाय कालवं कापतात. पाणी अजून उतरत होतं. त्यांचा नियम असा की उतरत्या पाण्याच्या मागोमाग जायचं आणि ते वळताच परतीला लागायचं. लोक नेमकं उलटं करतात: कोष्टकातली ओहोटीची वेळ पाहतात आणि त्या वेळेला घरून निघतात. उथळ पाण्यात त्यांनी आम्हाला पाय उचलून टाकू दिले नाहीत. वाळूत पाकट लपलेलं असतं, पाय फरफटत नेला तर ते आधीच सरकतं. वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकांत अर्धा तास कसा गेला कळलं नाही. परातीएवढ्या एका डबक्याशी आप्पांनी काठीने काही न ढवळता नुसतं बसून राहायला सांगितलं. दोन मिनिटांनी तळाचे "शंख" चालायला लागले. आत खेकडे भाड्याने राहत होते. कडेला हिरवट-करड्या पाकळ्यांचं समुद्रफूल उघडलं होतं. आमच्यातल्या एकाने नक्षीदार निमुळता शंख उचलायला हात घातला, तेव्हा आप्पांनी काठी आडवी टाकली. त्या घाटाच्या शंखातल्या गोगलगायीला विषारी दात असतो. मग त्याच मुलाला त्यांनी एका उंच खडकाला पाठ लावून उभं केलं. त्याच्या छातीच्या उंचीपर्यंत कालवं चिकटलेली होती, वर खडक उघडा. "कालवांना रोज पाणी लागतं. म्हणजे इथवर पाणी रोज येतं. उधाणाला याच्याही वर. तू दोनला इथेच उभा राहिलास तर टोपी तरंगेल."

मंडळी दरवाजातून आत गेली. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे, तट असा रचलाय की मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत, लाटेचा जोर फटींत जिरावा म्हणून. हे सगळं आप्पांना पाठ आहे, पण ऐकीव. ते दरवाजातच बसले, तोंड समुद्राकडे. काकू नंतर म्हणाल्या, लग्नानंतर दर वर्षी जातात, पण गणपतीचं दर्शन अजून घेतलेलं नाही. उंबऱ्यावरूनच हात जोडतात. आत गेलं आणि नेमकं तेव्हाच पाणी वळलं तर?

ते कशाकडे पाहत होते, हे मला शेजारी बसल्यावर कळलं. किनाऱ्याकडच्या बाजूला वाळूत एक खोलगट पन्हळ होती. वाळू सपाट दिसते, पण भरती समोरून तोंडावर येत नाही. आधी असल्या पन्हळी पाठीमागून भरतात, आणि उंचवट्यावर फोटो काढणाऱ्याला आपण बेटावर आहोत याचा पत्ता लागत नाही. पन्हळीत फेसाचे बुडबुडे समुद्राकडे चालले होते. सव्वाआठला ते थबकले. लांब नांगरलेल्या दोन होड्यांची तोंडं हळूहळू फिरू लागली. "पाणी वळलं!" आप्पांनी शिट्टी फुंकली. आम्ही पावणेनऊला किनाऱ्यावर होतो.

मिसळ मिळाली. साडेनऊला तरुणांचा एक घोळका किल्ल्याकडे निघालेला आप्पांनी हॉटेलातून पाहिला आणि हातातला पाव टाकून ते धावले. वाळूवर काठीने आकडे काढले: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. ओहोटी ते भरती सहा तास, आज पाणी ढोबळमानाने बारा फूट चढणार. पहिल्या तासात एक फूट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. "पहिला तास फसवा असतो. काही चढतच नाही असं वाटतं. तो तुमचा संपलाय." पोरं हसली. एकाने विचारलं, "काका, गाईडचे किती घेता?" आप्पांनी त्याच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला आणि परत येऊन पाव मागवला. जेवणाऱ्याचं लक्ष मात्र ताटात नव्हतं.

सव्वादहाला फोन वाजला. आप्पांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, मघाचे आम्ही. मधे पाणी आलंय. पण मांडीपर्यंतच आहे, पटकन निघू का?"

"हलू नका. आत्तापर्यंत तीन फूट चढलंय, पुढच्या दोन तासांत सहा चढेल. मधल्या पन्हळीत ओढ असते, मांडीभर पाणीसुद्धा पाय उचलतं. आत जाऊन बसा. किल्ला बुडत नाही, माणसं बुडतात."

"किती वेळ बसायचं?"

"बोट लागली की या, मी बोटवाल्याला सांगतो. चालतच यायचं असेल तर ओहोटी रात्री पावणेनऊची, अंधारात. ते करू नका." एवढं बोलून आप्पांनी खिशातून बोटवाल्याच्या नंबरची चिठ्ठी काढली, ती माझ्या हातात दिली आणि फोन तोंडाशी नेला. "आणि ऐका. वेळ आहेच, तर देवळात जा. मूर्ती नीट बघा. सोंड कुठल्या बाजूला आहे, बरोबर कोणकोण देव आहेत, सगळं. संध्याकाळी घरी येऊन मला सांगा."