कलम चौथं, म्हणजे आम्हीच

आमच्या मुलीच्या गाण्याच्या बाई बावीस वर्षं डोंबिवलीत गाणं शिकवतायत आणि त्यातली एकवीस वर्षं त्यांनी कुणालाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. ‘बाई, आज येत नाही हं’ असं कुणी कळवलं की ‘असू दे, असू दे’ म्हणायचं आणि समोरच्या रिकाम्या चटईकडे बघत पेटीचा भाता उगाच दोनदा हलवायचा, हा त्यांचा निषेधाचा सर्वात उग्र प्रकार. त्यामुळे गेल्या जूनमध्ये त्यांच्याकडून पालकांना ‘रद्द तासांबाबत सूचना’ असा सहा कलमी निरोप आला, तेव्हा आम्हाला वाटलं, बाईंचा फोन चोरीला गेला.

निरोप मात्र त्यांचाच होता. पहिलंच वाक्य होतं, ‘कुणी गैरसमज करून घेऊ नये.’ आमच्याकडे हे वाक्य आलं की समजावं, पुढे पैशांचा विषय आहे.

बाईंकडे एकेकटे शिकणारे दहाजण. आठवड्यातून दोन वेळा, पाऊण तासाची बैठक, तासाला २०० रुपये. महिन्याला आठ धरले तर ८० तासांचे १६,००० रुपये. पण पूर्वी पद्धत होती, झालेल्या तासांचेच पैसे. मग मे महिना यायचा. कुणी गावाला, कुणी पोहायला, कुणाच्या मावशीचं लग्न. एका मे महिन्यात तास झाले ३१, हाती आले ६,२०० आणि खोलीचं भाडं होतं ५,०००. उरलेल्या बाराशेत बाईंनी पेटी ट्यून करून घेतली. महिनाभर मिटून बसल्यामुळे तीही रुसली होती.

मग बाईंनी दुसरा उपाय केला आणि त्यात जास्त फसल्या. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि बुडलेला तास ‘भरून द्यायचा’. हे ऐकायला फार न्याय्य वाटतं. पण भरपाईचा तास आणायचा कुठून? दिवस तेवढाच. सप्टेंबरात बाईंनी वही उघडली तर त्यांच्या डोक्यावर २३ तासांचं देणं निघालं, म्हणजे सव्वासतरा तासांचं गाणं. ऑक्टोबर उजाडताच सगळ्यांना एकदम ते कर्ज आठवलं, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्व मंडळाच्या परीक्षा. बाई रविवारी सकाळी सातपासून भरपाया देत बसल्या. त्या महिन्यात त्यांनी स्वतः रियाज केला नाही, आणि आमच्यासारख्यांनी वर विचारलं, ‘रविवारी संध्याकाळी नाही का जमणार?’

नव्या निरोपात याचा बंदोबस्त होता. कलम पहिलं: फी महिन्याची, आठ तासांची, पाच तारखेच्या आत. दोन नंबरच्या इमारतीतल्या हिशेबी काकांनी लगेच हरकत काढली की काही महिन्यांत नऊ वार येतात, काहींत सुट्ट्या, मग सरसकट आठ कसे? बाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं. मंगळवार-शुक्रवार धरले तर वर्षाचे तास १०४, फी घेते ९६ तासांची, उरलेले आठ म्हणजे माझी गणपती-दिवाळीची सुट्टी. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ते कागदावर मांडून पाहिलं आणि त्या दिवसापासून बाईंना ‘मॅडम’ म्हणू लागले.

कलम दुसरं: आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवल्यास तास बदलून मिळेल, नंतर कळवल्यास तो झाला असं धरलं जाईल. आधी म्हणे त्यांनी ‘२४ तास आधी’ असं लिहिलं होतं. पण साडेपाचच्या तासासाठी पाच एकतीसला आलेला निरोप चालतो का, यावर दोन आयांनी त्यांना अर्धा तास फोनवर धरून ठेवलं. सहाची वेळ का, तेही बाईंनी सांगितलं: तेवढ्यात ती जागा दुसऱ्याला देता येते. रात्री अकराला कळवलंत तर मी कुणाला उठवू?

कलम तिसरं खरं डोकेबाज. भरपाईसाठी नवा तास निघणार नाही; दुसऱ्या कुणी सोडलेल्या जागी बसायचं. आमच्या मुलीने मंगळवार वेळेत सोडला की बाई ग्रुपवर टाकणार, ‘उद्या साडेपाच मोकळा’. ज्याचा तास बाकी असेल तो घेईल, आणि आमची मुलगी पुढे आणखी कुणी सोडलेला घेईल. एका वेळी दोनच तास बाकी ठेवता येतील, तेही तीस दिवस. मग ते बुडाले. बाईंची वही तेव्हापासून पुन्हा २३ वर गेली नाही.

आता चौथं. ‘घसा बसला असल्यास विद्यार्थ्याने यावे.’

हे वाचून बायकोने माझ्याकडे पाहिलं. आदल्या वर्षीच्या जुलैत आमच्या मुलीचा घसा सहा वेळा बसला होता, दर वेळी दुपारी चारनंतर. एकदा तर बसलेल्या घशाने ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि तिथे केकसमोर आ वासून गातानाचा फोटो मीच स्टेटसला लावला. बाईंनी तो पाहिला आणि अंगठा दाखवला. मला वाटलं, त्यांना फोटो आवडला.

कलमाखाली कारणही दिलं होतं. परीक्षेत गळ्याइतकंच हाताला आणि डोक्याला काम असतं. रागाचे आरोह-अवरोह सांगायचे असतात, वर्ज्य स्वर ओळखायचे असतात, हातावर ताल धरून दुगुन करायची असते. यातल्या कशालाही घसा लागत नाही. ताप असेल तर मात्र येऊ नये, आणि तीन महिन्यांतून एकदा उशिरा कळवलं तरी माफ. इथे त्यांची एकवीस वर्षांची सवय डोकावली.

पाचवं पावसाचं. पाणी भरलं तर व्हिडिओवर तास होईल, पण बाई पेटी धरणार नाहीत. फोनवर आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. बाईंचा गंधार इकडे येईतो त्या पुढे मध्यमावर गेलेल्या असतात. म्हणून तानपुरा मुलाने आपल्या बाजूला लावायचा, बाई एक ओळ म्हणणार आणि थांबणार, मग मुलाने म्हणायची. सहावं एका ओळीचं: तास मी रद्द केला तर तो कधीही बुडणार नाही, किंवा पैसे परत.

पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. ‘शिकवलंच नाही तर पैसे कसले?’ असं मीही म्हणालो. त्यावर बायकोने विचारलं, ‘लोकलचा पास काढून सुट्टीवर गेलास, तर रेल्वे पैसे परत देते का?’ तिथे विषय संपला.

मग एका सोमवारी पाच चाळीसला बाईंचा निरोप आला. ‘माझा घसा पूर्ण बसला आहे. उद्याचा तास कलम चारप्रमाणे होईल.’ मंगळवारी मी मुलीला सोडायला गेलो आणि दाराबाहेर थांबलो. आतून ना पेटी, ना आवाज. नुसत्या टाळ्या. एक टाळी, एक टाळी, मग हवेत गेलेली खाली, पुन्हा टाळी. मुलगी चुकली की बाई गुडघ्यावर थाप मारत आणि पुन्हा समेपासून.

पाऊण तासाने ती बाहेर आली. ‘बाबा, झपताल आला. दोन-तीन-दोन-तीन. आज बाईंनी एकदाही असू दे म्हटलं नाही.’